एक अपडेट, चाळीस संगणक

विंडोजचं अपडेट जगभर एकाच मूळ सर्व्हरवरून वाटलं जात नाही. त्याच्या प्रती सीडीएनच्या, म्हणजे ठिकठिकाणच्या साठवण-सर्व्हरांच्या जाळ्यात ठेवलेल्या असतात आणि आपल्याला सहसा जवळची प्रत मिळते. तरीही एका कार्यालयात चाळीस संगणक असतील, तर एक जीबीचं अपडेट त्याच इंटरनेट जोडणीतून चाळीसदा येणार.

इथे ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ कामी येतं. फाइलचे छोटे तुकडे पाडलेले असतात. पहिल्या संगणकाने ते सीडीएनवरून उतरवले की शेजारचे संगणक त्याच्याकडूनच मागून घेतात. न मिळालेले तुकडे सीडीएनवरून येतात. शेजाऱ्यावर विश्वास ठेवायचा कसा? प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेली खूण, मायक्रोसॉफ्टकडून वेगळा येतो. तो जुळला नाही तर तुकडा टाकून दिला जातो. मला ही तपासणीच या रचनेतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

मात्र वायफायवर उपकरणांना एकमेकांपासून तोडलेलं असेल किंवा फायरवॉलने 7680 हे पोर्ट अडवलं असेल, तर वाटणी होत नाही. ते ओळखायला पॉवरशेलमध्ये ही आज्ञा द्यावी:

```
Get-DeliveryOptimizationStatus
```

मोठं अपडेट उतरूनही `BytesFromPeers` सगळीकडे शून्यच दिसलं, तर प्रत्येक संगणक एकट्यानेच सगळं उतरवतो आहे.