‘हलके काम’ म्हणजे नेमके किती हलके?

पावसाळ्यात रायगडच्या किनारपट्टीवर पाय मुरगळायला फारसे निमित्त लागत नाही. जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ साचते, जेटीवर मासळीचे पाणी असते आणि हॉटेलांच्या फरश्या दिवसभर ओल्या राहतात. पाय आतल्या बाजूला वळतो आणि करंगळीच्या मागचे, पावलाच्या बाहेरच्या कडेचे लांब हाड बुडाशी मोडते. प्लास्टर लागते, सुट्टी मिळते. खरी अडचण येते ती कामावर परतताना. बहुतेक रुग्ण मालकाला एका ओळीचा अर्ज देतात : ‘पायाला फ्रॅक्चर झाल्याने हलके काम मिळावे.’ या ओळीतून मालकाला काहीच कळत नाही, कारण ‘हलके’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक जण आपल्या सोयीने लावतो.

अलिबागजवळच्या एखाद्या हॉटेलात खोल्यांची साफसफाई करणाऱ्या चाळिशीतल्या बाईंचे उदाहरण घेऊ. रोज बारा-चौदा खोल्या, दोन जिने, ओली न्हाणीघरे आणि चादरींची जड गाठोडी असे त्यांचे काम. 2 जुलैला कामावर असतानाच मागच्या पायऱ्यांवरून त्यांचा पाय घसरला. एक्स-रेमध्ये पाचव्या मेटाटार्सल हाडाला, म्हणजे वर सांगितलेल्या हाडाला, मोड दिसली.

या हाडाची मोड नेमकी कुठे आहे, यावर पुढचे सगळे ठरते. अगदी टोकाचा तुकडा सुटला असेल, तर कडक तळव्याचा बूट घालून सोसेल तसे चालता येते आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांत दुखणे ओसरते. मोड टोकापासून थोडी पुढे असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे हाडाला रक्तपुरवठा कमी असतो आणि प्रत्येक पावलागणिक ताण येतो. म्हणून सहा ते आठ आठवडे पायावर भार द्यायचा नाही, असे सांगितले जाते. एवढे करूनही काही रुग्णांत हाड जुळत नाही आणि स्क्रू घालण्याची शस्त्रक्रिया करावी लागते. ब्रिटिश अस्थिशल्यविशारद रॉबर्ट जोन्स यांनी 1902 मध्ये या मोडीचे वर्णन केले. नाचताना त्यांचा स्वतःचाच पाय असा मोडला होता. तिला आजही ‘जोन्स फ्रॅक्चर’ म्हणतात. बाईंची मोड याच जागेची होती. शेजारणीचा ‘तसाच’ पाय महिन्यात बरा झाला, ही तुलना म्हणूनच फसवी ठरते.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले. एक्स-रेमध्ये हाड जुळू लागल्याचे दिसले, पण मोडीची रेघ पुरती बुजलेली नव्हती. डॉक्टरांनी वॉकिंग बूट घालून हळूहळू भार द्यायला सांगितले. बाईंची सुट्टी संपली होती, पगार थांबला होता. घरी बसावे तर चूल कशी चालणार आणि जिने चढावेत तर हाड पुन्हा सुटणार, अशी कोंडी होती. अशा वेळी पत्रात आजारापेक्षा पायाची आजची क्षमता लिहावी लागते. बाईंचे पत्र असे असू शकते :

‘मा. व्यवस्थापक यांस,

महोदय, 2 जुलै रोजी कामावर असताना मागील पायऱ्यांवरून घसरून माझ्या उजव्या पावलाचे हाड मोडले. 13 ऑगस्टला प्लास्टर काढले आहे. हाड जुळत आहे, पण पूर्ण जुळलेले नाही. 18 ऑगस्टपासून मी कामावर येऊ शकते. मात्र 14 सप्टेंबरपर्यंत मला बसून करायचे काम मिळावे, ही विनंती.

मी करू शकते : चादरी-टॉवेलांची मोजणी, घड्या आणि नोंद, शिवणकाम, फोनवरून खोल्यांच्या कामाची विचारपूस.

मी करू शकत नाही : एका वेळी पंधरा मिनिटांहून जास्त उभे राहणे, जिना वारंवार चढणे, ओल्या फरशीवर काम, तीन किलोहून जड वस्तू उचलणे.

पाय वर ठेवण्यासाठी एक स्टूल लागेल आणि बूट घालण्याची परवानगी असावी. सकाळी गर्दीत रिक्षा-एसटीत उभे राहून येणे टाळण्यासाठी कामाची वेळ एक तास उशिरा मिळाल्यास बरे होईल. 12 सप्टेंबरला पुन्हा तपासणी आहे. त्यानंतरचे प्रमाणपत्र लगेच देईन. डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.

आपली नम्र.’

मिनिटे आणि किलो हे आकडे डॉक्टरांनी या बाईंच्या पायासाठी ठरवलेले आहेत. दुसऱ्याने ते उतरवून घेऊ नयेत. पत्राची बांधणी मात्र कुणालाही उपयोगी पडेल. त्यात सुरुवातीची आणि शेवटची तारीख आहे, त्यामुळे ही सवलत कायमची नाही, हे मालकाला दिसते. जमणारे काम आधी लिहिले आहे, त्यामुळे पर्याय शोधण्याचा भार मालकावर पडत नाही.

अशी पत्रे बहुधा प्रमाणपत्रामुळे अडतात. डॉक्टरांनी ‘पूर्ण विश्रांती’ लिहिलेले असते आणि पत्रात काम मागितलेले असते. मग मालक म्हणतो, पूर्ण बरे होऊनच या. म्हणून रुग्णाने तपासणीच्या वेळी आपले काम डॉक्टरांना नीट सांगावे : किती जिने, किती तास उभे राहणे, किती ओझे. त्यानुसार मर्यादा लिहून घ्याव्यात.

दुसरा प्रश्न पैशाचा. खाजगी नोकरीत तात्पुरत्या मोडीसाठी हलके काम दिलेच पाहिजे, असा सरसकट नियम नाही. पत्र ही विनंतीच असते. पण कामगार राज्य विमा योजनेत नाव असेल आणि इजा कामावर झाली असेल, तर कामावर जाता न येणाऱ्या दिवसांसाठी सरासरी रोजच्या वेतनाच्या सुमारे 90 टक्के भत्ता मिळतो. ज्या दिवशी काम करून पगार घेतला, त्या दिवसाचा भत्ता मात्र मिळत नाही. त्यामुळे हलके काम मिळत नसेल, तर डॉक्टरांकडून रजेचे प्रमाणपत्र वाढवून घेऊन भत्ता घेणे हाच सुरक्षित मार्ग. त्यासाठी अपघाताची नोंद त्याच दिवशी मालकाकडे झालेली हवी. पत्राच्या पहिल्या ओळीत तारीख, जागा आणि ‘कामावर असताना’ हे शब्द असण्याचे कारण तेच.

काम हलके मिळाले, तरी ते पायाला झेपते का, हे पायच सांगतो. संध्याकाळी थोडी सूज येणे स्वाभाविक आहे. पाय उंच ठेवून झोपल्यावर ती सकाळपर्यंत उतरली पाहिजे. सूज सकाळीही तशीच असेल, मोडीच्या जागी बोट दाबल्यावर दुखणे आठवड्यागणिक वाढत असेल, किंवा आदल्या दिवशीचा ठणका दुसऱ्या दिवशीही राहत असेल, तर काम जास्त होत आहे. तेव्हा ठरलेल्या तारखेची वाट न पाहता दाखवावे. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, तर रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. जुना मधुमेह असलेल्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असू शकते. अशांना हाड हलूनही दुखेलच असे नाही. त्यांनी दुखण्यावर विसंबू नये. पायाला ऊब किंवा लाली जाणवते का, ते रोज पाहावे आणि तपासणीची तारीख चुकवू नये.

12 सप्टेंबरच्या तपासणीत मोडीच्या जागी दाबून दुखत नसेल आणि एक्स-रेत हाड जुळलेले दिसत असेल, तर बाईंचे पुढचे पत्र दोन ओळींचे असेल. त्यातही तारीख हवी आणि सुरुवात चार-पाच खोल्यांपासूनच हवी.