बंद घराची ओवी

कोकणातल्या रिकाम्या घरावर गाणं रचायचं झालं, की बहुतेक जण घराला रडायला लावतात. दार वाट पाहतं, अंगण हाका मारतं, तुळस सुकते. असं गाणं ऐकून गळा दाटतो, पण ते घर कुठलं हे कळत नाही. मला वाटतं, घराच्या तोंडी फक्त घरालाच ठाऊक असलेलं घालावं. मुंबई त्याने पाहिलेली नाही, म्हणून मुंबईबद्दल त्याने बोलू नये. त्याला पाऊस कळतो, धूर कळतो, अंगावरून कोण चाललं ते कळतं.

यासाठी जात्यावरच्या ओवीसारखा साचा नाही. समोर नसलेल्या माणसाशी बोलायचं म्हणूनच ती जन्मली. पहाटे दळणारी बाई दूरच्या भावाशी, आईशी, कधी जात्याशीच बोलायची. दोन ओळी, शेवटी यमक आणि मध्ये खुंटा ओढताना श्वास घ्यायला जागा. हेमा राईरकर आणि गी पॉत्वँ यांनी महाराष्ट्रभर हिंडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. जातं बंद घराच्या कोपऱ्यात आजही पडलेलं असतं, तेव्हा त्याची चाल उसनी घेण्याचा हक्क घराला आहेच.

सुरुवात छपरापासून करावी, कारण घर मोडतं ते वरून. वानराने उडी मारली किंवा माडाची झावळी पडली, की एखादं कौल सरकतं. घरात माणसं असती तर वैशाखात शाकारणी झाली असती, फुटकं कौल बदललं असतं.

माझ्या कौलाच्या फटीतून, ऊन उतरलं वैशाखाचं
कोण शाकारील मला आता, आभाळ भरलं मिरगाचं

यात घराने तक्रार केलेली नाही, फक्त दिवस मोजलेत. मृग लागतो जूनच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी, त्याआधी काम झालं नाही तर पुढचे चार महिने गळती. पाणी एकाच वाशावर पडत राहतं, वासा कुजतो, शेजारची कौलं खाली येतात. मग मातीची भिंत वरून भिजते आणि एखाद्या रात्री आत बसते. पहिल्या कौलापासून पडलेल्या भिंतीपर्यंत काही थोडेच पावसाळे लागतात.

दुसरी गोष्ट धुराची. चुलीचा धूर रोज आढ्याला लागायचा, लाकडावर काजळीचा थर चढायचा. लाकूड कोरडं राहायचं आणि किडीला तिथे घर करवत नसे. जमीन सारवताना बाई प्रत्येक कोपऱ्यात हात फिरवायची, त्यामुळे वाळवीची मातीची रेघ भिंतीवर दिसली की त्याच दिवशी पुसली जायची. माणूस गेला की हे सगळं एकदम थांबतं.

चूल विझली ग बाई माझी, धूर आढ्याशी जाईना
वाळवी चढते खांबावरी, तिला कुणी ग वारीना

इथे 'आठवण' हा शब्द घालायचा मोह होतो, तो आवरावा. ज्याने असं घर पाहिलंय त्याला वाळवीची रेघ पुरते.

तिसरी ओवी सगळ्यांत अवघड, आणि माझ्या मते तीच या गाण्याचा जीव. घरं पडतात ती फक्त गाव सोडल्यामुळे असं आपण म्हणतो, पण गावाकडे पैसे पाठवू शकणारी माणसं कितीतरी घरांना आहेत. अडतं ते हिश्शावर. आजोबांच्या नावचं घर, वाटण्या न झालेल्या, घरपट्टीच्या नोंदीला मुलगे, लेकी, नातवंडं लागलेली. एकाने छपरावर खर्च केला तर दुसऱ्याला वाटतं हा घर बळकावतोय, आणि खर्च करणाऱ्याला वाटतं उद्या वाटणीत पैसे बुडाले. दोघंही थांबतात. पाऊस थांबत नाही.

नावं लिहिली दहा जणांची, एका घराच्या पानावरी
कौल फिरवाया कोणी नाही, पाणी पडतंय देवावरी

शेवटच्या तीन शब्दांसाठी ही ओवी रचली. गळती ओटीवर असती तर चाकरमान्यांनी पुढच्या वर्षी बघू म्हटलं असतं. देवघरात पाणी पडतंय म्हटल्यावर भाऊबंदांतला कुणी तसं म्हणू शकत नाही.

अशा गाण्यांत चौथी ओवी गणपतीची येते: कडी वाजते, दिवे लागतात, घर हसतं. ती मी गाळेन. ते पाच-सात दिवस घर खरंच भरतं, पण त्या आनंदात गळती झाकली जाते. त्यापेक्षा हे गाणं त्या दिवसांतच म्हणावं. रात्री भजन संपलं, चहा फिरला, सगळे हिस्सेदार एका ओटीवर बसलेत, अशी रात्र वर्षात दुसरी येत नाही. घरातल्या एखाद्या आजीने किंवा सुनेने टाळाशिवाय तिन्ही ओव्या म्हणाव्यात आणि तिसरी संपली की विचारावं, शाकारणीचे पैसे कोण किती काढणार, आणि ते वाटणीत कुणाच्या नावे धरायचे.