बंधारा भरला, तरी वस्तीचा हातपंप का आटतो?

दुष्काळी गावात पाणलोटाचे काम झाले की पहिल्या पावसानंतर भरलेल्या बंधाऱ्याचे फोटो येतात. जानेवारी-फेब्रुवारीत मात्र त्याच गावातल्या आपल्या वस्तीवरच्या महिला पुन्हा हंडे घेऊन निघालेल्या दिसतात. काम खोटे झाले, असे दर वेळी नसते. पाणी मुरले, पण ते कोणी उपसायचे आणि किती, हे कोणी ठरवले नाही. पाणलोटावर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी बंधाऱ्याइतकेच लक्ष या प्रश्नाकडे द्यावे, असे आम्हाला वाटते.

आधी पाणी जाते कुठे ते पाहू. काम माथ्यापासून पायथ्याकडे करायचे असते. डोंगरउतारावर सलग समतल चर, त्याखाली शेतात बांधबंदिस्ती आणि शेवटी नाल्यावर बंधारे. माथ्याचे काम टाळून थेट बंधारा बांधला, तर दोन-तीन पावसाळ्यांत तो गाळाने भरतो. आपल्याकडच्या काळ्या खडकात पाणी वरच्या मुरमात आणि खडकाच्या फटींत साठते आणि हळूहळू उताराकडे सरकते. म्हणून नाल्याकाठच्या विहिरींना त्याचा लाभ आधी मिळतो. या विहिरी बहुधा ज्यांची बागायत आहे त्यांच्या. चर खोदायला मजुरीवर गेलेल्या भूमिहीनाची तिथे विहीर नसते.

आता हिशेब मांडू. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. ५०० हेक्टर शिवाराचे, १५०० लोकवस्तीचे गाव धरू. ४५० मिलिमीटर पाऊस झाला तर शिवारात २२५ कोटी लिटर पाणी पडते. त्यातले बरेचसे वाफ होऊन उडते, पिके घेतात, काही वाहून जाते. कठीण खडकाच्या भागात ढोबळमानाने दहा टक्के मुरते असे धरले, तर जमिनीखाली सुमारे २२ कोटी लिटर राहते. माणशी रोज ५५ लिटर धरल्यास गावाला वर्षभर प्यायला आणि वापरायला सुमारे ३ कोटी लिटर लागते. म्हणजे पाणी पुरायला हवे. पण एक हेक्टर उसाला पाटाने पाणी दिले, तर वर्षाला दोन कोटी लिटर सहज लागते. दीड हेक्टर ऊस अख्ख्या गावाचे वर्षाचे पाणी पितो आणि अकरा हेक्टर ऊस मुरलेले सगळे पाणी संपवतो. हरभऱ्याच्या एका हेक्टरला दोन पाळ्या द्यायला मात्र बारा-पंधरा लाख लिटर पुरतात.

यावर उपाय झालेले आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. तिथे पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हे, तर माणसांवर ठरला. माणशी अर्ध्या एकराचे पाणी, भूमिहीनालाही वाटा आणि उसाला बंदी. हा नियम सामूहिक उपसा योजनेत चालला. खासगी बोअरवेलवर त्याचा अंकुश नसतो. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअरवेल घेण्यावर बंदी घातली. तिथे दरवर्षी पावसाचे मोजमाप करून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि पाऊस कमी असेल तर त्याप्रमाणे पिके ठरवतात.

आपल्या गावात सुरुवात मोजणीने करावी. माथ्याजवळची एक, नाल्याकाठची एक आणि वस्तीजवळची एक अशा तीन विहिरी निवडा. दर महिन्याच्या ठरावीक तारखेला, सकाळी मोटारी सुरू होण्याआधी, काठावर खूण करून तिथून पाण्यापर्यंतची खोली टेपने मोजा. हातपंपावर एक हंडा भरायला किती वेळ लागतो ते लिहा. डिसेंबरनंतर वस्तीची पातळी झपाट्याने उतरत असेल आणि त्याच सुमारास जवळ नवे बोअर झाले असेल किंवा उसाला पाणी सुरू झाले असेल, तर कारण शोधायची दिशा मिळते. सगळ्याच विहिरी सारख्या उतरत असतील, तर मुरवण्याचे कामच कमी पडले आहे किंवा पाऊस कमी झाला आहे.

ही वही ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठेवावी. पिण्याचे पाणी आणि जनावरांचे पाणी आधी बाजूला काढावे आणि उरलेल्यात किती हेक्टर बसते, ते ठरावात लिहून घ्यावे. सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येणार नाही, अशी तरतूद राज्याने १९९३ च्या कायद्यातच केली होती. त्या अंतरात कोणी बोअर घेत असेल, तर खोदकामाची गाडी गावात येण्याआधीच लेखी हरकत द्यावी. पाणी लागल्यावर बोअर बंद करून घेणे फार अवघड जाते.

२० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा ते पाणी डोळ्यांसमोर होते आणि अडवणारेही. आज ते जमिनीखाली आहे, त्यामुळे कोण किती नेतो ते दिसत नाही. म्हणून वही हवी.