दगड नेमका कुणावर?

‘फँड्री जातिव्यवस्थेवर जळजळीत भाष्य करतो.’ माध्यम-अभ्यासाच्या वर्गात नागराज मंजुळे यांच्या २०१३च्या या चित्रपटाचं परीक्षण लिहायला दिलं, की हे वाक्य हमखास येतं. ते खोटं नाही. पण ‘फँड्री’च्या जागी ‘सैराट’ घातलं तरी एक शब्दही बदलावा लागत नाही. परीक्षण तपासताना लाल पेन पहिल्यांदा अडखळतं ते अशा वाक्यापाशी.

दुसरी तऱ्हा उलटी. विद्यार्थी सगळी गोष्ट सांगून टाकतो: जब्याला शालू आवडते, तो काळ्या चिमणीच्या मागे हिंडतो, घरचे डुकरं पकडतात. तपशील बरोबर, पण त्यातून सिद्ध काय करायचंय याचा पत्ताच नाही.

आता तिसरी वही उघडली असं समजू. तिच्यात म्हटलंय, ‘समतेची भाषा आणि गावातलं जगणं यांतली दरी हा चित्रपट संवादांतून नव्हे, तर चौकटीतल्या मांडणीतून दाखवतो.’ आता हे विधान नाकारता येतं, म्हणून ते तपासण्याजोगं आहे. पुरावा म्हणून दोन प्रसंग दिलेत. शाळेजवळ डुकराचा पाठलाग चालू असताना राष्ट्रगीत सुरू होतं, जब्याचं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं आणि डुक्कर निसटतं. पुढे मेलेलं डुक्कर काठीला टांगून ते चालतात, तेव्हा मागच्या भिंतीवर आंबेडकर आणि सावित्रीबाईंची चित्रं असतात. दोन्ही ठिकाणी पात्रं त्याबद्दल काहीच बोलत नाहीत. विधानाला हवं होतं तेच इथे सापडतं, म्हणून गुण द्यायचे. प्रसंग आठवला एवढ्यासाठी नव्हे.

हीच वही शेवटाकडे घसरते. ‘शेवटी जब्या प्रेक्षकाला दगड मारतो,’ असं विद्यार्थी ठोकून देतो. कथेत तो दगड जब्याला चिडवणाऱ्यांवर भिरकावलेला असतो. पडद्यावर मात्र तो कॅमेऱ्याच्या दिशेने येतो आणि अंधार होतो. पहिली गोष्ट घडलेली, दुसरी दिसलेली, आणि ‘प्रेक्षकाला’ हा लिहिणाऱ्याने काढलेला अर्थ. अर्थ काढायला कुणाची ना नाही, बहुतेक समीक्षकांनीही तोच काढला असता. फक्त मधली पायरी वहीत उतरायला हवी: चिडवणाऱ्यांच्या जागी कॅमेरा आल्यामुळे बघणाराच त्यांच्या जागी उभा राहतो. एवढं एक वाक्य असतं, तर ठोकून दिलेलं मत युक्तिवाद झालं असतं.

अभिनयाच्या परिच्छेदात तर पायऱ्याच नसतात. किशोर कदम यांनी साकारलेला जब्याचा बाप कचरू ‘अप्रतिम’ असतो आणि विषय संपतो. तिथे समासात एकच शब्द लिहून वही परत द्यावी: ‘कुठे?’