निकालानंतरचं आभारपत्र

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचं आर्थिक वर्ष सहसा ३१ मार्चला संपतं. लेखापरीक्षण झालेले वार्षिक निकाल त्यानंतर ६० दिवसांत, म्हणजे ३० मेपर्यंत, द्यावे लागतात. हिशेब विभागाची झोप उडते ती याच काळात.

मग संचालकांचं आभारपत्र येतं. ‘सर्वांनी खूप मेहनत घेतली’ एवढंच लिहिलं, तर ते कुणालाच पोचत नाही. ‘गोदामातली मोजणी आणि वहीतला साठा जुळत नव्हता, तुम्ही आवक-जावकेची प्रत्येक पावती तपासून फरक शोधलात’, असं लिहिलं की राबलेल्या माणसाला आपलं काम दिसलं हे कळतं.

एक पथ्य मात्र कडक आहे. निकाल जाहीर होण्याआधी पत्रात नफ्याचा आकडा आला, तर शेअरच्या भावावर परिणाम करू शकणारी गोपनीय माहिती फुटते. संचालकांनी पत्र आधी लिहून ठेवावं, पण पाठवावं निकालानंतरच.