सॉकेट की सोल्डर: कंट्रोलर दुरुस्तीची दहा-बारा वर्षं

प्लेस्टेशन ४ नोव्हेंबर २०१३ मध्ये बाजारात आला. तेव्हापासून माझ्या टेबलावर उघडले गेलेले कंट्रोलर आठवले, तर दुखणी दोनच: बॅटरी उतरणं आणि स्टिक आपोआप सरकणं, म्हणजे ड्रिफ्ट. दुरुस्ती करायची की नवा घ्यायचा, हे मी आता कंट्रोलरच्या वयावरून ठरवत नाही. तो भाग बोर्डाला सॉकेटने जोडलाय की सोल्डरने, एवढंच पाहतो.

बॅटरीचा निकाल पहिल्याच काही वर्षांत लागला. ड्युअलशॉक ४ च्या पाठीवरचे चार स्क्रू काढले आणि आतली पातळ रिबन केबल न ताणता कवच उघडलं, की १००० एमएएचची बॅटरी प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये नुसती ठेवलेली दिसते. पिन ओढायची, नवी बसवायची. फसगत होते ती खरेदीत. २०१६ च्या सुधारित मॉडेलमध्ये बॅटरीची पिन लहान झाली, त्यामुळे जुन्याची बॅटरी त्यात बसत नाही. शिवाय त्याच मापाच्या बॅटरीवर दुप्पट क्षमता छापलेली असेल तर ती घेऊ नये; तेवढ्या जागेत तेवढी क्षमता मावत नाही. बॅटरी फुगून कवचाची फट रुंदावली असेल, तर चार्जिंग तिथेच थांबवावं आणि ती धातूच्या टोकाने उचकटू नये. एवढं सांभाळलं तर बॅटरीसाठी नवा कंट्रोलर घेण्याचं कारण मला या सगळ्या वर्षांत एकदाही सापडलं नाही. एक्सबॉक्सच्या साध्या कंट्रोलरमध्ये तर डबल-एचे सेल चालतात, तिथे हा प्रश्नच येत नाही.

स्टिकची गोष्ट वेगळी. दांडीखाली दोन पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्या हालचालीचा आणि एक उभ्या. त्यातल्या कार्बनच्या पट्टीवर धातूचा स्पर्शक घासत राहतो. मधल्या भागात घासणं सर्वांत जास्त, म्हणून झीजही तिथेच होते आणि अंगठा काढल्यावरही खेळातलं पात्र चालत राहतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने धूळ निघते. पण चार दिवसांत ड्रिफ्ट परतला, तर पट्टीच झिजली असं समजावं.

निन्टेन्डो स्विचच्या जॉय-कॉनवर २०१९ मध्ये अमेरिकेत ग्राहकांनी खटला भरला तो याच दुखण्यावरून. गंमत म्हणजे जॉय-कॉनची स्टिक रिबन केबलने जोडलेली आहे. तीन पाकळ्यांचा स्क्रूड्रायव्हर आणि स्थिर हात असला तर ती घरी बदलता येते.

ड्युअलसेन्समध्ये तसं नाही. भारतात तो २०२१ च्या फेब्रुवारीत ५,९९० रुपयांना आला. तिसऱ्या वर्षी घरच्या एका ड्युअलसेन्सची डावी स्टिक सरकू लागली. नवं मॉड्यूल पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतं तसलंच, शे-दोनशे रुपयांचं. पण त्याला चौदा पाय असतात: सहा दोन पोटेन्शिओमीटरचे, चार खालच्या बटणाचे, चार धातूच्या चौकटीचे. चौकटीचे पाय बोर्डाच्या रुंद तांब्याला जोडलेले, त्यामुळे उष्णता पसरते आणि तिथलं सोल्डर लवकर वितळत नाही. अशा वेळी जोर लावला की छिद्रातला तांब्याचा वेढाच उपटून येतो आणि मग बोर्ड गेला. उपाय असा की आधी फ्लक्स लावून शिशाचं ताजं सोल्डर जुन्यात मिसळायचं, मग पंपाने एकेक छिद्र मोकळं करायचं. मॉड्यूल स्वतःच्या वजनाने सुटलं पाहिजे.

एवढं करूनही स्टिक मध्यावर नव्हती. मध्यबिंदू कंट्रोलरच्या मेमरीत जुन्या मॉड्यूलप्रमाणे नोंदलेला असतो. पूर्वी इथे काम अडायचं. गेल्या काही वर्षांत हौशी लोकांनी कॅलिब्रेशनचे प्रोग्रॅम लिहिले आणि नवा मध्य कायमचा नोंदवता येऊ लागला. ही दुरुस्ती नव्याच्या किमतीच्या पाव हिश्शातही आटोपली. पण सोल्डरिंगचा सराव नसेल आणि जवळ भरवशाचा कारागीर नसेल, तर मी नवा घ्यायला सांगतो. दोन्ही स्टिक आणि ट्रिगर एकदमच गेले असतील तरीही.

खरं तर ही झीज टाळताही येते: न घासणारा, चुंबकावर चालणारा हॉल सेन्सर सेगाच्या ड्रीमकास्टमध्ये १९९८ मध्येच होता. सोनीने २०२३ मध्ये ड्युअलसेन्स एजमध्ये स्टिकचं मॉड्यूल हाताने ओढून काढण्याजोगं केलं, तेही सुमारे २० डॉलरचं. मात्र तो कंट्रोलर २०० डॉलरचा. चौदा सोल्डरऐवजी एक सॉकेट देता येतं हे कंपनीने स्वतःच दाखवलं आणि ते फक्त महागड्या गिऱ्हाइकाला दिलं, याचा मला राग आहे. युरोपीय संघाच्या नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता यायला हवी. तो नियम बॅटरीचा आहे. स्टिक त्यात येत नाही.