पाच लाख म्हणजे नेमके किती?

वित्तप्रमुखांचे परिपत्रक येते तेव्हा सगळ्यांची नजर आधी तक्त्यावर जाते. विभागप्रमुखांची खरेदी-मंजुरीची मर्यादा पन्नास हजारांवरून एक लाख, प्लांट हेडची दोन लाखांवरून पाच लाख, त्यापुढे पंचवीस लाखांपर्यंत वित्तप्रमुख स्वतः आणि त्याहून मोठी खरेदी एमडींकडे. खाली एक ओळ असते: अमुक तारखेपासून कागदावरची सही चालणार नाही, मंजुरी ईआरपीतूनच. तक्ता समजायला सोपा असतो. पण पाच लाख मोजायचे कशाचे, हे त्यात अनेकदा लिहिलेलेच नसते, आणि बहुतेक घोळ तिथेच होतात.

ईआरपी म्हणजे खरेदी, स्टोअर आणि हिशेब एकाच ठिकाणी ठेवणारी संगणक प्रणाली. विभाग तिच्यात मागणी नोंदवतो, खरेदी विभाग कोटेशन मागवून पीओ, म्हणजे खरेदी आदेश, तयार करतो. प्रणाली पीओची रक्कम पाहते आणि तो ज्याच्या अधिकारात बसतो त्याच्याकडे पाठवते. मंजुरी मिळेपर्यंत पीओ अडलेला राहतो आणि स्टोअरला त्यावर माल जमा करून घेता येत नाही.

समजा, चाकणच्या एका कारखान्याला एअर कंप्रेसर घ्यायचा आहे. किंमत 4,60,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 82,800. एकूण 5,42,800. कर सोडला तर मंजुरी प्लांट हेडची, कर धरला तर वित्तप्रमुखांची. सॅपसारख्या प्रणालीत मंजुरी साधारणपणे जीएसटी वगळून निव्वळ रकमेवर ठरते. माझ्या मते तेच बरोबर आहे, कारण अशा यंत्रावरचा जीएसटी कंपनीला क्रेडिट म्हणून परत मिळतो, तो खर्च नसतो. पण परिपत्रकात ‘करासह’ लिहिले आणि प्रणालीत करावाचून रक्कम बसवली, तर हा पीओ प्लांट हेडच्या मंजुरीने सुटतो आणि वर्षअखेरीस ऑडिटर त्यावर बोट ठेवतो. तिथे प्लांट हेडची काहीच चूक नसते. म्हणून ‘कर वगळून’ किंवा ‘करासह’ हे तक्त्याच्या डोक्यावरच छापलेले हवे.

आता त्याच कंप्रेसरचा पाया आणि पाइपलाइन घ्या. ते काम दुसऱ्या ठेकेदाराचे, 45,000 रुपयांचे, म्हणून पीओ वेगळा. दोन्ही मिळून 5,05,000 होतात, पण प्रणालीला दोन सुटे पीओ दिसतात आणि दोन्ही वित्तप्रमुखांपर्यंत न जाता मंजूर होतात. इथे कुणाचा हेतू वाईट नाही. हीच फट कुणी जाणूनबुजून वापरली, तर बारा लाखांच्या कामाचे चार-चार लाखांचे तीन पीओ निघतात. प्रणाली हे आपणहून पकडत नाही, माणसाला शोधावे लागते. महिन्याच्या पीओंची यादी व्हेंडरनुसार लावली की ते दिसते: तोच व्हेंडर, तोच प्रकारचा माल, चार-आठ दिवसांचे अंतर आणि प्रत्येक रक्कम मर्यादेच्या जराशी खाली. त्यासाठी ‘एका गरजेची सगळी खरेदी एकत्र धरली जाईल’ हे वाक्य परिपत्रकात असावेच लागते. ते नसेल तर आक्षेप कशाच्या आधारे घ्यायचा?

तिसरी जागा मंजुरीनंतरची. 4,60,000 चा पीओ प्लांट हेडने मंजूर केला. दोन दिवसांनी लक्षात आले की सोबत 70,000 रुपयांचा ड्रायर लागणार आणि तो त्याच पीओत घातला. रक्कम 5,30,000 झाली. जुनी मंजुरी आता रद्द होऊन पीओ वित्तप्रमुखांकडे गेला पाहिजे. तो जाईलच असे नाही. मंजूर पीओ बदलल्यावर काय करायचे, हे प्रणालीत सेटिंगने ठरवावे लागते आणि ते ढिले राहिले, तर लहान रकमेला मंजुरी घेऊन नंतर ती वाढवायचा रस्ता उघडा राहतो. पारखायला सोपे आहे. चाचणी प्रणालीत नेमका असाच पीओ करायचा, मंजूर करायचा, रक्कम वाढवायची आणि तो कुणाच्या यादीत उगवतो ते पाहायचे. परिपत्रक निघण्याआधी वित्त विभागाने हे स्वतः करून पाहावे, संगणक विभागाच्या तोंडी हमीवर सोडू नये.

मंजुरी देणारा रजेवर गेला की पासवर्ड सहकाऱ्याला देण्याची सवय फार जुनी आहे. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणे कायद्याने बंधनकारक आहे. उसन्या पासवर्डने दिलेली मंजुरी त्या नोंदीत रजेवरच्या माणसाच्या नावावर चढते आणि उत्तरही त्यालाच द्यावे लागते. रजेच्या तारखा घालून बदली मंजुरीदार नेमायची सोय प्रणालीत असते. ती कशी वापरायची आणि बदली कुणी व्हायचे, हे परिपत्रकात लिहावे.

उरतात ते अर्धवट अडकलेले पीओ, जुन्या मर्यादेत तयार झालेले आणि मंजुरी बाकी असलेले. त्यांना जुना तक्ता लावायचा की नवा, हे पीओच्या तारखेवरून ठरणार की मंजुरीच्या, तेही परिपत्रकानेच सांगायचे असते.